‘हं’ला आलेलं उत्तर

शैला पिशवी घेऊन मंडईला निघाली. जिन्यावरचा तिच्या चपलांचा आवाज विरला तसा मी उठलो आणि दाराला आतून कडी घातली. खुर्चीवर जुना टॉवेल घडी करून ठेवला होता. तो चाचपून पाहिला, फिरवून दुसरी बाजू वर केली आणि पुन्हा बसलो. मग फोन घेतला. दवाखान्यातून घरी सोडताना त्यांनी एक नंबर दिला होता. काही शंका आली तर यावर लिहा, माणूस उत्तर देईल, असं सांगितलं होतं. त्या नंबरावर मी ‘नमस्कार’ लिहिलं.

‘नमस्कार शिखरेकाका. मी अर्पिता मगदूम, दवाखान्यातून. बोला.’

मी लिहायला घेतलं. ‘मला असं विचारायचं होतं की’. खोडलं. ‘एक सर्वसाधारण शंका होती. अशा ऑपरेशननंतर पुरुषांना’. तेही खोडलं. ‘माझ्या एका मित्राला’ असंही लिहून पाहिलं आणि स्वतःचीच लाज वाटली, कारण त्यांच्याकडे माझं नाव, वय आणि प्रोस्टेटची गाठ काढल्याचा दिवस, सगळंच लिहिलेलं असणार. शेवटी ‘हं’ एवढंच लिहिलं आणि ते चुकून पाठवलं गेलं.

माझा धंदा बोलण्याचा. मिरज-सांगलीपासून जयसिंगपूरपर्यंत सत्कार असो, वर्धापनदिन असो, कुणाची एकसष्टी असो, माइकवर मी. माइक बंद पडेल पण शिखरेंचं तोंड बंद पडणार नाही, असं लोक चेष्टेनं म्हणायचे आणि मला ते बक्षिसासारखं वाटायचं. आमच्या कामात शांततेला जागा नसते. सत्कारमूर्ती भारावून गप्प झाले की आपण लगेच पुढे व्हायचं, ‘साहेबांच्या भावना शब्दांपलीकडच्या आहेत’ असं म्हणून टाळ्या घ्यायच्या आणि पुढच्याला बोलवायचं. दुसऱ्याच्या तोंडात शब्द घालण्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता. आणि तोच मी भर दुपारी कडी लावून एका अनोळखी मुलीला ‘हं’ पाठवून बसलो होतो.

मला वाटलं, आता छापील उत्तर येणार. ‘आपला प्रश्न स्पष्ट शब्दांत लिहावा.’ तसं आलं असतं तर मी ‘काही नाही, चुकून झालं’ म्हणून सुटलो असतो. मनातून मला तेच हवं होतं.

आलं ते वेगळंच. ‘हं. मी आहे इथे.’

थोड्या वेळानं तिनं परत लिहिलं, ‘आधी एकच विचारते. ताप, रक्त जाणं किंवा लघवी अडणं, यातलं काही असेल तर फक्त हो लिहा. नसेल तर नाही. बाकीचं कसंही, कधीही लिहा.’

‘नाही,’ मी लिहिलं.

‘छान. मग कसलीच घाई नाही.’

या आधी मला कुणी विचारलं नव्हतं असं नाही. टाके दाखवायला गेलो होतो तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी ‘अजून काही?’ म्हणून विचारलंच होतं. पण विचारताना त्यांचा हात पुढच्या पेशंटच्या घंटीवर होता. आणि शेजारचे तरुण डॉक्टर तर फारच मोकळे. शैला माझ्या बाजूला बसलेली, दारात दोन माणसं उभी, आणि हे हसत म्हणाले, ‘काय काका, गळतंय ना? अहो, सगळ्यांचंच गळतं! लाजायचं काय त्यात?’

‘छे छे!’ मी म्हणालो. ‘आपलं एकदम ओके आहे.’

तो डॉक्टर वाईट नव्हता, आणि त्यानं ओळखलंही बरोबर होतं. पण एवढ्या लोकांत त्यानंच ते बोलून दाखवल्यावर मला नाही म्हणण्याशिवाय दुसरं काही सुचेना. एकदा छे म्हटल्यावर ते निभवावं लागलं. शिंक आली, खोकला आला, खुर्चीवरून पटकन उठलो की कपडे ओले व्हायचे. मी पाणी पिणं कमी केलं. आतले कपडे अंघोळीच्या वेळी स्वतःच धुवून मोरीच्या खिडकीत वाळत घालू लागलो. आणि ‘पाठीला कडक गादी बरी’ असं सांगून झोपायला बाहेरच्या दिवाणावर आलो. लग्न झाल्यापासून मी बाहेर झोपलो नव्हतो. शैला त्यावर काही बोलली नाही. मला वाटलं, बरं झालं, सुटलो.

फोन हातातच होता. काहीतरी विचारायला हवं म्हणून मी वाचनालयाच्या कार्यक्रमाचं काढलं. ‘पुढच्या महिन्यात सूत्रसंचालन आहे. तीन तास उभं राहायचं आहे. चालेल का?’

तिनं नीट उत्तर दिलं. मध्ये बसायला खुर्ची ठेवा, जड उचलू नका, त्या आधी एकदा डॉक्टरांना दाखवून जा. मी ‘आभारी आहे’ लिहिलं. आता ती ‘काळजी घ्या’ म्हणून संपवेल असं वाटलं. मी घाईनं लिहिलं, ‘बरं. तर’.

तेवढ्यात दार वाजलं.

‘अहो? कडी कशाला घातलीय?’

मी फोन उलटा केला, टॉवेल उशीखाली कोंबला आणि दार उघडलं. शैलाचा चष्मा घरीच राहिला होता. तिनं खुर्चीकडे पाहिलं, उशीकडे पाहिलं आणि चष्मा घेतला. पण लगेच गेली नाही. पिशवीचे बंद हातात गुंडाळत दारातच उभी राहिली.

‘रविवारी निपाणीला जाते म्हणते. दादाकडे.’

‘किती दिवस?’

‘बघू.’ ती थांबली. ‘अहो, तर मी काय म्हणत होते...’

‘जा की!’ मी म्हणालो, अगदी माइकवरच्या आवाजात. ‘दवाखाना, औषधं, किती धावपळ झाली तुझी. बदल हवाच. माझी काही काळजी करू नकोस, मी खणखणीत आहे. चांगली महिनाभर राहून ये!’

शैलानं पिशवी खांद्याला लावली. ‘बरं,’ म्हणाली आणि निघून गेली.

फोन सरळ केला. अर्पिताचा निरोप येऊन पडला होता. ‘कार्यक्रमाचं झालं. “तर”च्या पुढचं आत्ता जमत नसेल तर राहू दे. उद्या नुसतं “तर” लिहिलंत तरी मी इथूनच पुढे धरेन, पहिल्यापासून सांगावं लागणार नाही.’

माणूस एवढ्याशा गोष्टीनं रडतो का? मला भरून आलं खरं, आणि त्याचीही लाज वाटली. साठी ओलांडलेला बाप्या, दोन मुलींचा बाप, आणि एका शब्दासाठी अडून बसलेला.

दुसऱ्या दिवशी शैला शेजारच्या नाईकवहिनींकडे हळदीकुंकवाला गेली. मी परत कडी घातली आणि लिहिलं, ‘तर’.

‘हो काका. काल कार्यक्रमापर्यंत आलो होतो.’ मग म्हणाली, ‘मी थोडी मदत करू? या ऑपरेशननंतर लोक काय काय विचारतात ते लिहिते. तुमचं त्यात असेल तर नुसता आकडा पाठवा. शब्द लिहायची गरज नाही. नसेल तर “वेगळं” लिहा.’

खाली ओळीनं आलं. १ खाणंपिणं, औषधं. २ जखम, दुखणं. ३ लघवीवर ताबा. ४ नवराबायकोतलं. ५ पुन्हा गाठ होईल अशी भीती.

मी ती यादी बराच वेळ वाचली. त्या तरुण डॉक्टरनं जे हसत हसत तोंडावर मारलं होतं, तेच इथे खाण्यापिण्याच्या आणि औषधांच्या रांगेत गुपचूप उभं होतं. ते माझ्याकडे बोट दाखवत नव्हतं. मी ३ लिहिलं.

‘बरं केलंत. ३चं सांगते. गाठीबरोबर तिथली झडपही हलते, म्हणून बहुतेकांना काही महिने थेंब थेंब जातं. हळूहळू कमी होतं. कुणाला लवकर, कुणाला वर्ष लागतं. पाणी कमी प्यायलात तर लघवी दाट होते आणि त्रास वाढतो, तेव्हा पाणी तोडू नका. लघवी मध्येच अडवून धरताना जे स्नायू आवळतो, तेच बसल्या-बसल्या आवळायचे आणि सोडायचे. आमच्या व्यायामाच्या ताई शिकवतील, वेळ घेऊन देते. पॅडही मिळतात, औषधाच्या दुकानात “मोठ्यांचे पॅड” म्हटलं की देतात.’ आणि शेवटी, ‘यातलं काही परत सांगू का?’

‘नको. कळलं.’ मी लिहिलं. मग बोट तिथेच थांबलं. मी लिहायचो आणि खोडायचो, लिहायचो आणि खोडायचो. पुन्हा तेच गेलं: ‘हं’.

‘तुम्ही लिहिताय आणि थांबताय ते मला इथे दिसतं, काका. मी कुठे जात नाही. अर्धं वाक्य पाठवलं तरी चालेल. वाकडंतिकडं असलं तरी.’

नाईकवहिनींच्या घरातून बायकांचं हसणं ऐकू येत होतं. मी ४ लिहिलं. तिनं एकदम उत्तर दिलं नाही. ‘हो. ऐकतेय,’ एवढंच. त्या ४मध्ये काय असेल हे तिला ठाऊक नव्हतं का? रोज चार जण विचारत असतील. पण तिनं माझं वाक्य माझ्यासाठीच ठेवलं.

मी लिहिलं, ‘मी बाहेर झोपतो’. पाठवलं. मग लिहिलं, ‘अंथरूण ओलं होईल म्हणून’. पाठवलं. मग, ‘ती रविवारी माहेरी निघाली आहे’. आणि शेवटी ते आलं, जे कसं विचारावं हे मला सापडत नव्हतं: ‘शेजारी झोपलो तर चालेल का? म्हणजे आता मी काही कामाचा नाही. नुसतं झोपायला.’

पाठवलं आणि फोन टेबलावर ठेवून खिडकीशी जाऊन उभा राहिलो. माझ्या धाकट्या मुलीच्या वयाची ती मुलगी हे वाचत असेल, शेजारी बसलेल्या मुलीला दाखवत असेल, असं नाही नाही ते मनात आलं.

परत आलो तर उत्तर होतं. ‘चालेल. पहिल्या दिवसापासून चालत होतं. शेजारी झोपायला डॉक्टरांची कसलीही मनाई नाही. अंथरुणासाठी रबरी कापड मिळतं, चादरीखाली घालायचं. दुसरं जे तुम्ही लिहिलंत, ते या ऑपरेशननंतर बहुतेकांना होतं. काहींचं वर्ष-दोन वर्षांत सुधारतं, औषधंही आहेत. पण ते मी नाही, डॉक्टर सांगतील. दोघांना एकत्र वेळ देते, तेव्हा दारात कुणी नसेल. आणि काका, काकूंना काय वाटतं हे मला माहीत नाही. ते त्यांनाच विचारावं लागेल.’

मी तिला विचारलं, ‘अशा हं-तरचा तुम्हाला कंटाळा नाही का येत?’

‘पूर्वी आम्हीही “स्पष्ट लिहा” असंच पाठवायचो,’ तिनं लिहिलं. ‘लोक सॉरी म्हणायचे आणि जायचे. मग एक आजोबा लघवी अडून तसेच घरी बसले. त्यांनी आधी दोनदा नुसतं “अं” लिहिलं होतं. तेव्हापासून “हं” आलं की आम्ही तो प्रश्नच धरतो. आधी धोका नाही ना बघायचं, मग थांबायचं. एका वेळी एकच विचारायचं. तरी नाहीच जमलं तर दोन-चार वाटा दाखवायच्या, पण त्यांच्या वतीनं आपण चालायचं नाही. आपण वाक्य पुरं केलं की लोक नुसतं हो म्हणतात, आणि खरं ते तसंच घेऊन घरी जातात.’

ही ओळ वाचताना कालची दारात उभी असलेली शैला डोळ्यांसमोर आली. पिशवीचे बंद बोटांना गुंडाळत. ‘अहो, तर मी काय म्हणत होते...’

माझी मान खाली गेली. ओल्या कपड्यांची लाज आठवड्यांमागून आठवडे वाटत होती, पण ही वेगळी होती. ती मुलगी फोनवर अनोळखी माणसाच्या ‘हं’पाशी थांबली होती, आणि मी माझ्या बायकोचं वाक्य टाळ्या मिळवायच्या आवाजात पुरं करून तिला निपाणीला जायला मोकळं केलं होतं. आणि ते काही पहिल्यांदाच नव्हतं.

रविवारी सकाळी शैला पलंगावर बॅग भरत होती. मी दारात उभा. लुगडी झाली, औषधाची डबी झाली. मी आत जाऊन काही बोलावं असं मनात होतं, पण तिनंच सुरुवात केली.

‘कूकर कसा लावायचा ते लिहून ठेवलंय. दूधवाल्याला सांगितलंय.’ चेन अर्धी ओढून ती थांबली. ‘तर...’

‘हो हो, मी सगळं’ हे माझ्या जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं. आयुष्यात पहिल्यांदा मी समोरच्याची शांतता तशीच राहू दिली. फार अवघड गेलं. रस्त्यावर भंगारवाल्याची हाक झाली, ती पुढच्या गल्लीत गेली, तरी शैला बोलेना.

‘मी आहे इथे,’ मी म्हणालो.

तिनं चमकून पाहिलं. ‘आहात म्हणजे?’

‘म्हणजे सावकाश बोल. मी मध्ये बोलत नाही.’

ती चेनशी खेळत राहिली. मला वाटलं, आता परत ‘काही नाही’ म्हणेल. मी विचारलं, ‘निपाणीचं आहे, का माझ्या दुखण्याचं, का आपलं?’

‘आपलं,’ ती म्हणाली.

मी उंबरा ओलांडून आत आलो.

‘दवाखान्यात त्या दिवशी,’ ती म्हणाली, ‘लघवीची पिशवी रिकामी करताना मला उमळून आलं. मी तोंड फिरवलं. तुम्ही पाहिलंत. पाहिलंत ना?’

मला काहीसुद्धा आठवत नव्हतं. मी औषधाच्या गुंगीत होतो.

‘त्यानंतर तुम्ही मला हातच लावू देईनात. कपडे स्वतः धुवायला लागलात. बाहेर जाऊन झोपलात. मला कळायचं ते कळलं. एवढी वर्षं संसार केला आणि नवऱ्याच्या पिशवीची किळस केली मी. मला तरी कसं विचारता येणार, की तुम्हाला राग आलाय का? रोज म्हणायचे विचारू, विचारू. मग म्हटलं, आपलं तोंड नको दिसायला यांना, थोडे दिवस जाऊ दादाकडे.’

ती रडली नाही. बॅगेकडे बघत बोलली. मी पलंगाच्या कडेला बसलो. बसताना जे व्हायचं ते झालं, आणि मी उठायला गेलो.

‘शैला, माझं गळतं,’ मी म्हणालो. ‘म्हणून बाहेर झोपत होतो. गादी खराब होईल म्हणून. तुझ्यावर राग नव्हता, माझी मलाच लाज वाटत होती.’

‘गळतं ते माहितेय मला. मोरीच्या खिडकीत तुम्ही कपडे असे कोंबून वाळत घालता, ते वाळतील का कधी? तुम्ही फिरायला गेलात की काढून गच्चीवर टाकते, आणि तुम्ही यायच्या आत परत कोंबून ठेवते.’

मी ‘हं’ म्हणालो, आणि यावेळी तीही माझ्याकरता थांबली. ती उठली. कपाट उघडून माझ्या स्वेटरांच्या मागं हात घातला आणि दुकानाच्या पिशवीतली एक घडी बाहेर काढली. तपकिरी रबरी कापड होतं, दुहेरी पलंगाच्या मापाचं. दुकानाची चिठ्ठीसुद्धा अजून चिकटलेली होती.

‘कधी आणलंस?’

‘तुम्ही दिवाणावर गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी. आणलं खरं, पण दाखवू कसं तेच कळेना.’

तिनं बॅग उचलून जमिनीवर ठेवली, चादर ओढून काढली आणि कापडाची घडी झटकली. रबराचा वास खोलीभर झाला.

‘बघत काय बसलाय? उठा,’ ती म्हणाली. ‘ते टोक धरा.’